ओल्या चढावर पुढची चाके जागेवर फिरतात : पुढची, मागची की चारही चाके ओढणारी गाडी घ्यावी?

कातळवाट | ९ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचे गावचे घर संगमेश्वर तालुक्यात आहे. मुख्य रस्ता सोडल्यावर घरापर्यंत साधारण साठ मीटरांची पाखाडी होती, ती दहा वर्षांपूर्वी जांभा दगड बसवून आम्ही गाडी जाईल एवढी रुंद करून घेतली. उन्हाळ्यात काहीही अडचण येत नाही. पावसाळ्यात मात्र माझी पुढच्या चाकांवर चालणारी २०१४ सालची हॅचबॅक भरलेली असली, की चढाच्या मध्यावर थांबते, पुढचे चाक जागेवर फिरू लागते आणि क्लचचा वास येतो. सगळ्यांना उतरवले की मी एकटा गाडी वर नेऊ शकतो. शेजाऱ्यांची जुनी मागच्या चाकांवर चालणारी व्हॅन मात्र माणसे आणि सामान भरून त्याच वाटेने वर जाते.

पुढच्या वर्षी गाडी बदलायची आहे. तेव्हा मागच्या चाकांची घ्यावी, की जास्त पैसे मोजून चारही चाकांची घ्यावी, असा प्रश्न आहे. इंजिनाची ताकद कमी पडत नाही, कारण चाक फिरते आहे; ती ताकद दगडापर्यंत पोचत नाही, एवढे मला कळते. त्यापुढचे कोणी समजावून सांगितले तर बरे होईल.

सह्याद्रीचा_घाट | ९ जुलै, रात्री १०:१५

याचे उत्तर सरळ आहे. चढावर गाडीचे वजन मागे जाते, म्हणजे पुढची चाके हलकी होतात आणि मागची जड होतात. जी चाके जड, त्यांना पकड जास्त. म्हणून मागच्या चाकांची गाडी चढाला नेहमीच चांगली. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, एसटी, ट्रक, सगळी वाहने मागच्या चाकांवर चालणारी होती आणि आयुष्यभर घाट चढली. पुढच्या चाकांची पद्धत आपल्याकडे मारुती ८०० बरोबर सर्वदूर झाली, आणि तीही आतली जागा वाचावी व गाडी स्वस्त पडावी यासाठी. तुम्ही डोळे मिटून मागच्या चाकांची गाडी घ्या.

तेलाचे_हात | ९ जुलै, रात्री ११:०२

घाटसाहेबांनी सांगितलेले अर्धे अगदी बरोबर आहे. चढावर वजन मागे सरकते हे खरे. पण किती सरकते, आणि सरकण्याआधी कोणत्या चाकांवर किती होते, हे पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही. मी तीस वर्षे गॅरेज चालवले आणि अशा तक्रारीवर नवी गाडी सुचवण्याआधी चार गोष्टी विचारत असे. त्याच तुम्हाला विचारतो.

पहिली, चढ नेमका किती आहे? पाच फुटांची सरळ फळी घ्या, तिच्यावर गवंड्याची पाणपातळी ठेवा, फळी आडवी समतल धरा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. दुसरी, चाक फिरते तेव्हा पुढची दोन्ही चाके फिरतात की एकच? हे बाहेर उभे राहून कोणीतरी पाहायला हवे, आत बसलेल्याला ते कळत नाही. तिसरी, गाडी अडकते तेव्हा आत किती माणसे आणि सामान कुठे असते? चौथी, तीच भरलेली गाडी रिव्हर्समध्ये, म्हणजे पाठ वर करून, चढते का? ही चाचणी करताना मागे किंवा खाली कोणीही उभे राहू नये. पाहणारा बाजूच्या बांधावर उभा राहावा.

दीपाली_ठाणे | १० जुलै, सकाळी ८:२०

माझ्याही गाडीच्या पुढच्या चाकाची अशीच तक्रार आहे. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली की डाव्या बाजूने कट-कट असा आवाज येतो. हासुद्धा पकडीचाच प्रकार आहे का? मीसुद्धा मागच्या चाकांची गाडी घ्यावी का?

तेलाचे_हात | १० जुलै, सकाळी ९:०५

दीपालीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. पुढच्या चाकांना वळायचेही असते आणि ओढायचेही असते, म्हणून त्यांच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला असा सांधा बसवतात, जो कोन बदलला तरी सारख्या वेगाने फिरतो. त्याला आम्ही सीव्ही जॉइंट म्हणतो. त्यावरचे रबरी बूट फाटले, की ग्रीस बाहेर जाते, आत पाणी आणि माती शिरते, आणि पूर्ण वळणावर तो कटकटू लागतो. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात का, एवढे पाहा आणि गॅरेजमध्ये दाखवा. त्यासाठी गाडी बदलण्याची गरज नाही.

कातळवाट | १२ जुलै, सायंकाळी ६:३०

तेलाचे हात, तुमच्या सांगण्याप्रमाणे मोजमाप केले. पाच फुटांच्या फळीखाली बरोबर एक फूट अंतर भरले, म्हणजे पाचास एक असा चढ आहे. गाडी अडकते तेव्हा आम्ही पाच जण असतो आणि डिकीत तांदळाचे पोते, भाज्या, बॅगा असतात. माझ्या मुलाने बांधावरून पाहिले : फक्त डावे पुढचे चाक फिरते, उजवे जागेवर स्थिर राहते. वाटेच्या डाव्या कडेला फणस आहे, तिथे ऊन लागत नाही, आणि त्या पट्ट्यावर हिरवट काळे शेवाळ आहे. सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे तीच भरलेली गाडी रिव्हर्समध्ये, किंचित घसरत का होईना, वर गेली. हे असे का झाले?

तेलाचे_हात | १२ जुलै, रात्री १०:४८

तुमच्या या एका पोस्टमध्ये सगळे उत्तर आले आहे. आकडे मांडून दाखवतो. गाडीची नेमकी वजने माझ्यापुढे नाहीत, म्हणून या आकाराच्या हॅचबॅकला साजतील अशी गृहीत धरतो. भरलेली गाडी १३०० किलो, चालक एकटा असताना ९६० किलो, पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २४५ सेंटिमीटर आणि वजनाचा मध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच.

पाचास एक चढावर १३०० किलोची गाडी वर सरकत ठेवायला, टायरच्या रोधासह, सुमारे २७५ किलोंचा जोर लागतो. गाडी कोणत्याही चाकांवर चालो, हा आकडा तोच राहतो. आता तो जोर लावणाऱ्या चाकांवर वजन किती आहे ते पाहू.

रिकाम्या हॅचबॅकमध्ये इंजिन, गियरबॉक्स आणि डिफरन्शियल सगळे पुढे असल्यामुळे साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असते. मागच्या सीटवर तीन माणसे आणि डिकीत पोते आले, की मागचा वाटा वाढून पुढचा ५२ टक्क्यांपर्यंत उतरतो. म्हणजे सपाटीवर पुढे ६७६ किलो. चढावर दगडाला काटकोनात पडणारे वजन थोडे कमी होते, आणि शिवाय सुमारे ५७ किलो मागे सरकतात, त्यामुळे पुढे ६०६ किलो उरतात. घाटसाहेब म्हणतात ते सरकणे हे ५७ किलो. ते आहे, पण पाच माणसे व पोते बसल्याने झालेल्या बदलाइतके मोठे नाही.

पकडीचा हिशेब असा, की २७५ ला ६०६ ने भागले तर ०.४५ येते. म्हणजे टायर आणि दगड यांची पकड चाकावरील वजनाच्या किमान ४५ टक्के हवी. चालक एकटा असताना वर जायला सुमारे २०२ किलोंचा जोर पुरतो आणि पुढच्या चाकांवर ५२३ किलो असतात, म्हणजे ०.३९ पकडीत काम होते. तुम्ही एकटे का चढता, ते यातून कळते. गाडी हलकी झाली हे कारण नव्हे; वजन घटले की लागणारा जोर आणि मिळणारी पकड दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. खरे कारण हे, की उतरलेली माणसे मुख्यतः मागच्या चाकांवर बसलेली होती, म्हणून पुढच्या चाकांवरचा वाटा वाढला.

आता रिव्हर्स. पाठ वर केली की पुढची चाके उताराकडे येतात आणि तेच ५७ किलो आता त्यांच्याकडे सरकतात. ६०६ ऐवजी ७२० किलो, म्हणजे लागणारी पकड ०.३८. माणसे तीच, पोते तेच, दगड तोच. पुढच्या चाकांच्या गाडीला उलटे चढवणे ही जुन्या चालकांची युक्ती आहे, आणि ती याच कारणाने चालते.

नारळी_पोफळी | १३ जुलै, सकाळी ७:१५

आमच्याकडे मागच्या चाकांची ईको आहे, म्हणून माझा अनुभव सांगतो. वरील धाग्यात शेजाऱ्यांची व्हॅन भरलेली चढते असे आहे, पण ती रिकामी असताना चढते का, हे त्यांना विचारून पाहा. आमची रिकामी व्हॅन पावसात वाडीच्या चढावर शेपूट हलवते आणि थांबते. मागे नारळाची दोन-तीन पोती टाकली, की काही न होता वर जाते. वडील आणखी एक करतात : चाक फिरू लागले, की हँडब्रेक एक-दोन दाते ओढतात आणि हळू अ‍ॅक्सिलरेटर देतात. तेव्हा गाडी चालू लागते. ब्रेक ओढल्यावर गाडी पुढे कशी जाते, हे मला आजवर कळलेले नाही.

तेलाचे_हात | १३ जुलै, दुपारी १:३०

उत्तम उदाहरण दिलेत. ईकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, तिथून लांब प्रोपेलर शाफ्ट मागे जातो आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये क्राऊन-पिनियन त्या फिरण्याची दिशा काटकोनात वळवून चाकांना देते. समजा रिकामी असताना मागे ४५ टक्के वजन असेल, तर या चढावर तिला ०.४३ पकड लागेल, म्हणजे भरलेल्या हॅचबॅकपेक्षा फार वेगळी स्थिती नाही. भरल्यावर मागचा वाटा ५८ टक्के झाला, तर ०.३४ पुरेल. मागच्या चाकांची गाडी भार वाढेल तशी चढाला सुधारते, आणि पुढच्या चाकांची बिघडते. ट्रक आणि एसटी मागच्या चाकांवर का असतात, याचेही हेच कारण आहे : त्यांचा भार मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. घाटसाहेब, तुमचा नियम भरलेल्या वाहनाला लागू आहे. 'नेहमीच' हा शब्द मात्र काढावा लागेल.

आता हँडब्रेकचे कोडे. कातळवाट यांचे फक्त डावे चाक फिरते, त्याच्याशी हे जोडलेले आहे. वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, म्हणून दोन चाकांमध्ये डिफरन्शियल ठेवावे लागते. साधे डिफरन्शियल दोन्ही बाजूंना पिळण्याचा जोर सारखाच देते. डावे चाक शेवाळावर असेल, तर ते जेवढा जोर झेलू शकते तेवढाच उजव्यालाही मिळतो. उजवे कोरड्या खडबडीत दगडावर असले तरी त्याची उरलेली पकड वापरलीच जात नाही. तुमच्या गाडीत प्रत्येक पुढच्या चाकावर ३०३ किलो आहेत. डावीकडची पकड ०.४ आणि उजवीकडची ०.६ धरली, तर दगडावर पोचणारा जोर ०.४ गुणिले ६०६, म्हणजे २४२ किलो. लागतात २७५. गाडी अडली. हीच बेरीज दोन्ही चाकांची पकड पूर्ण वापरून केली, तर ३०३ किलो येते आणि गाडी चढते.

हँडब्रेक ओढला, की फिरणाऱ्या चाकाला ब्रेकचा विरोध मिळतो. डिफरन्शियलला वाटते की या बाजूलाही जोर झेलला जातो आहे, आणि तेवढाच जास्त जोर ते दुसऱ्या चाकाला देते. ब्रेक थोडी ताकद खातो, पण इथे ताकद मुबलक आहे, कमतरता पकडीची आहे. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, म्हणून ही युक्ती व्हॅनमध्ये चालते. पुढच्या चाकांच्या गाडीत हँडब्रेक ओढला तर फक्त ओझे वाढते. नव्या गाड्यांतील ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम करते : फिरणाऱ्या एकाच चाकाचा ब्रेक आपोआप दाबते.

बर्फाळ_वाट | १३ जुलै, रात्री ८:५०

मी चारही चाकांवर चालणारी डस्टर सात वर्षे वापरली, सह्याद्रीत आणि दोनदा हिमाचलमध्ये. माझ्या मते कातळवाट यांनी इतका हिशेब करू नये आणि सरळ चारही चाकांची गाडी घ्यावी. चारही चाके ओढू लागली, की पूर्ण वजन कामी येते. शिवाय पावसात चढताना, उतरताना, वळताना, सगळीकडे सुरक्षित वाटते.

तेलाचे_हात | १३ जुलै, रात्री १०:२०

चढण्याबाबत तुमचे म्हणणे आकड्यांनी अगदी सिद्ध होते. १३०० किलोची गाडी चारही चाकांवर ओढली, तर २७५ ला १२७५ ने भागायचे, म्हणजे ०.२२ पकड पुरते. वर पाहिलेल्या कोणत्याही युक्तीपेक्षा हा फरक मोठा आहे. पण दोन गोष्टींत मला वेगळे म्हणायचे आहे.

एक, चार चाकांच्या गाड्या एकसारख्या नसतात. तुमच्या डस्टरसारख्या गाडीत मूळ ओढ पुढच्या चाकांची असते आणि मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा जोर विजेवर चालणारा एक क्लच जोडतो. 'लॉक' केले, की कमी वेगात तो आधीपासून जोडलेला राहतो; 'ऑटो'मध्ये गरजेप्रमाणे जोडला जातो. चिखलात बराच वेळ चाके फिरवत राहिले, तर तो क्लच तापतो आणि गाडी स्वतःला वाचवण्यासाठी मागचा जोर सोडून देते. जिप्सी, थार, जिम्नी यांची पद्धत वेगळी आहे : लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. ही बांधणी शेवाळावर आणि चिखलात फार चांगली, पण कोरड्या डांबरावर वापरू नये. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर जायचे असते, आणि शाफ्ट ते जाऊ देत नाहीत. स्टिअरिंग जड होते, गाडी उड्या मारते, आणि नंतर लिव्हर निघता निघत नाही. तसे झाले, तर सरळ रेषेत थोडे मागे घ्यावे, पीळ सुटतो. आणि बांधणी कोणतीही असो, प्रत्येक अ‍ॅक्सलमधले डिफरन्शियल साधेच असेल, तर पुढचे एक आणि मागचे एक अशी तिरपी दोन चाके हवेत किंवा शेवाळावर आली, की चार चाकांची गाडीही अडते.

दोन, आणि हे मला जास्त महत्त्वाचे वाटते : उतरताना चारही चाकांची ओढ ब्रेकचे अंतर कमी करत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. ०.४ पकडीच्या सपाट दगडावर ताशी २० किलोमीटर वेगाने येणारी गाडी थांबायला सुमारे चार मीटर लागतात. कातळवाट यांच्या उतारावर तेच अंतर आठ मीटर होते, कारण पकडीचा जवळजवळ अर्धा भाग गुरुत्वाकर्षणाला रोखण्यातच खर्च होतो. जी गाडी सहज वर गेली, ती खाली येताना तितक्याच सहज थांबेल, असा समज होतो, आणि तिथे माणसे फसतात.

बर्फाळ_वाट | १३ जुलै, रात्री १०:५५

ब्रेकच्या अंतराबाबत मान्य. पण पहिल्या गियरमध्ये उतरताना इंजिनाचा रोध चारही चाकांवर वाटला जातो, तो फक्त पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांवर येत नाही, हा फायदा तर आहेच ना? मागच्या चाकांच्या जीपमध्ये ओल्या उतारावर गियर एकदम उतरवला, तेव्हा माझी मागची बाजू आडवी झाली होती.

तेलाचे_हात | १३ जुलै, रात्री ११:१०

हो, तो फायदा खरा आहे. शाफ्ट बांधलेल्या गाडीत तर नक्कीच. माझे वाक्य केवळ ब्रेक दाबून थांबण्याच्या अंतराबद्दल होते.

सह्याद्रीचा_घाट | १४ जुलै, सकाळी ७:४०

'नेहमीच' हा शब्द मागे घेतो. रिव्हर्सचा हिशेब मी रात्री स्वतः कागदावर मांडून पाहिला आणि तो बरोबर आहे. एक शंका राहते. पुढच्या चाकांच्या गाडीत हँडब्रेक उपयोगाचा नाही, पण डाव्या पायाने पायब्रेक हलकेच दाबून उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर दिला तर? पायब्रेक पुढच्या चाकांनाही लागतो.

नारळी_पोफळी | १४ जुलै, सकाळी ८:३०

मॅन्युअल गाडीत डावा पाय क्लचवर असतो, तो ब्रेकवर कसा नेणार? एकदा क्लच पूर्ण सुटल्यावरच ते जमेल, आणि अशा चढावर तेवढ्यात इंजिन बंद पडेल.

तेलाचे_हात | १४ जुलै, दुपारी २:००

तत्त्वाने घाटसाहेबांचे बरोबर आहे, आणि काही जण ते करतातही. पण मागच्या चाकांचेही ब्रेक लागतात, त्यामुळे लाभातला बराच भाग जातो. आणि अनेक नव्या गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबले, की इंजिनाचा जोर स्वतःहून कमी करतात. मी कातळवाट यांना हा मार्ग सुचवणार नाही, क्लच जळेल.

कातळवाट, नवी गाडी घेण्याआधी एक करा. तुमची अडचण दोन चाकांपैकी एका चाकाखालच्या दगडाची आहे. डाव्या पट्ट्यावर ब्लीचिंग पावडर टाका, तासाभराने तारेच्या ब्रशने घासा आणि फणसाच्या खालच्या फांद्या उतरवा. डावीकडची पकड उजवीइतकी झाली, तर तुमच्या याच गाडीचा जोर २४२ वरून ३६० किलोंच्या पुढे जातो. सामान शक्य तेवढे मागच्या सीटच्या पायाजवळ ठेवा, डिकीच्या टोकाला नको. आणि टायरची नक्षी किती उरली आहे तेही पाहा.

कातळवाट | २१ जुलै, रात्री ९:१५

ब्लीचिंग पावडर टाकून दोघांनी पूर्ण पट्टा घासला. फांद्या उतरवल्या. काल पाच जण आणि सामान घेऊन गाडी चढाच्या मध्यावरून कोठेही न थांबता गेली. शेजाऱ्यांनाही विचारले : त्यांची व्हॅन रिकामी असताना तेही सामान टाकूनच आणतात, म्हणजे नारळी पोफळी यांचा अंदाज खरा ठरला.

मात्र अंगणाजवळ वाट उजवीकडे वळते, तिथे चढ थोडा कमी असूनही चाक पुन्हा फिरले. तिथे शेवाळ नाही. या वेळी उजवे चाक फिरले, म्हणजे वळणाच्या आतले.

तेलाचे_हात | २१ जुलै, रात्री १०:०५

त्या वळणावर वाटेला पीळ आहे का, म्हणजे आतली बाजू एकदम उचलली किंवा खचली आहे का? तसे असेल, तर आतल्या चाकावरचे वजन निघून जाते आणि साधे डिफरन्शियल पुन्हा त्या हलक्या चाकाच्या मापानेच जोर देते. दुसरे, वळताना पुढच्या टायरच्या पकडीतला काही भाग गाडी वळवण्यात खर्च होतो, ओढण्यासाठी उरतो तो कमी. तुमच्या इथे यांपैकी कशाचा वाटा किती, हे पाहिल्याशिवाय सांगणार नाही. पाणपातळी वळणावर आडवी, वाटेच्या रुंदीच्या दिशेने, दर मीटरला ठेवून मापे कळवा.

बर्फाळ_वाट | २१ जुलै, रात्री १०:३०

माझे मत अजून तेच आहे. वळण, पीळ आणि शेवाळ दरवर्षी पुन्हा येणार. ट्रॅक्शन कंट्रोल असलेली चार चाकांची गाडी या तिन्हींना पुरून उरेल.

कातळवाट | २१ जुलै, रात्री १०:५०

रविवारी गावी जातो आहे. फळी आणि पाणपातळी गाडीतच ठेवली आहे. मापे घेऊन कळवतो, गाडीचा निर्णय त्यानंतर.